पान गेलं, प्रश्न उरला

काळेवाडीत तापकीर चौकाच्या आसपास भाड्यानं राहणाऱ्या एका मुलाचा असा निरोप आला, असं समजू :

‘दादा, घर ३० जूनला सोडतोय, चाकणला बदली झालीय. लॉकिन सहा महिन्यांचं आहे, पण नोटीस एका महिन्याची लिहिलीय, ती मी ३१ मेलाच दिली. मालक म्हणतात डिपॉझिट विसरा. या कलमात तसं लिहिलंय का?’

निरोपाच्या वर कराराच्या पानाचा फोटो होता. आपण फोन हातात घेईपर्यंत तो गेला आणि त्या जागी ‘हा संदेश हटवला गेला’ एवढंच राहिलं. त्यानं फोटो काढून टाकला हे चांगलंच केलं. भाडेकराराच्या पानांवर फोटो, अंगठे, पॅन क्रमांक, कधी आधारचेही आकडे असतात, आणि ते दोन्ही बाजूंचे असतात. पण आता ‘या कलमात’ मधलं ‘या’ कशाकडे बोट दाखवतंय, ते कळायला मार्ग नाही.

अशा वेळी दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे ‘आमच्याही करारात हेच होतं’ म्हणून बेधडक उत्तर देणं. दुसरी म्हणजे ‘पान पाहिल्याशिवाय काहीच सांगता येणार नाही’ म्हणून हात झटकणं. खरं तर प्रश्नातच बरंचसं पान उतरलेलं असतं. आधी तेवढं वाचून घ्यावं आणि उरलेल्यासाठी पान शोधावं. पान सापडतं कुठे, ते पुढे येईलच.

प्रश्न पुन्हा वाचू. ‘लॉकिन’ आणि ‘नोटीस’ हे दोन्ही शब्द त्यात आहेत, म्हणजे पानावर किमान दोन कलमं आहेत, एक नाही. पुणे-पिंपरीकडे घराचा जो करार होतो, तो कायद्याच्या भाषेत भाडेपट्टा नसतो, लिव्ह अँड लायसन्स असतो. मालक घर ‘भाड्यानं’ देत नाही, ठरावीक मुदतीसाठी वापरायची परवानगी देतो. या करारांचे मसुदे एजंटांकडे तयारच असतात. नाव, पत्ता, रक्कम, मुदत भरली की झालं. म्हणून एका करारातलं वाक्य दुसऱ्यात शब्दशः सापडतं, आणि प्रश्नावरून पानाचा अंदाज बांधता येतो तो त्यामुळेच.

अशा मसुद्यांत लॉकिनचं कलम साधारण या आशयाचं असतं. ठरलेल्या महिन्यांत मालक घर खाली करायला सांगणार नाही आणि राहणाराही आपण होऊन घर सोडणार नाही. तरीही कोणत्याही कारणानं त्यानं सोडलंच, तर लॉकिनचे जितके महिने उरले तितक्यांचं भाडं तो मालकाला देईल. मालकानं मध्येच काढलं, तर मालक त्याची भरपाई करेल. नोटिशीचं कलम वेगळं असतं, बहुतेक ‘रद्द करणे’ अशा मथळ्याखाली. राहणाऱ्यानं भाडं थकवलं किंवा अटी मोडल्या तर मालक एका महिन्याची लेखी नोटीस देऊन परवानगी रद्द करू शकेल, आणि राहणाऱ्यालाही एका महिन्याची लेखी नोटीस देऊन जाता येईल.

मुलाचा घोळ इथेच आहे. नोटिशीच्या कलमातलं शेवटचं अर्धं वाक्य त्यानं वाचलं आणि त्याला वाटलं, एक महिन्याची नोटीस दिली की मोकळे. ते कलम एकटं वाचलं तर त्याचं बरोबर आहे. पण करारातलं कलम एकटं वाचायचं नसतं. नुसत्या नोटिशीवर कधीही जाता येत असेल, तर लॉकिन लिहिलं कशाला? दोन्ही कलमांना काही अर्थ उरेल असाच अर्थ लावायचा, आणि तो असा निघतो : लॉकिनमध्ये जाऊ नये, लॉकिन संपलं की एका महिन्याच्या नोटिशीनं जावं. बदलीचं कारणही उपयोगाचं नाही, कारण या कलमांत ‘कोणत्याही कारणानं’ हे शब्द सहसा असतात. बदली हा अपवाद हवा असेल तर तो सही करायच्या आधी मागून लिहून घ्यावा लागतो. चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांत काम करणाऱ्यांनी तर तो मागावाच.

म्हणजे मालक बरोबर आणि मुलगा चूक? निम्मंच. ‘डिपॉझिट विसरा’ हे कुठून आलं ते पाहायला हवं. त्यासाठी त्याला आकडे विचारावे लागतात. हे आकडे पान नसलं तरी त्याला पाठ असतात.

समजा त्यानं कळवलं : भाडं १३,००० रुपये, अनामत ४०,००० रुपये, करार १ मार्चपासून ११ महिन्यांचा. (हे अकरा महिन्यांचं वेड नोंदणी कायद्यातून आलं आहे. वर्षापेक्षा कमी मुदतीचा भाडेपट्टा त्या कायद्यानुसार नोंदवावा लागत नाही. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणं मुदत कितीही असली तरी सक्तीचं केलं, पण अकरा महिने काही सुटले नाहीत.) आता ३० जूनपर्यंत चार महिने झाले. लॉकिन ३१ ऑगस्टला संपतं, म्हणजे उरले दोन महिने, २६,००० रुपये. नेहमीचं कलम असेल तर मालकाचं मागणं फार तर एवढंच होतं. अनामतीतून तेवढे वजा केले तरी १४,००० रुपये परत यायला हवेत.

मग पूर्ण ४०,००० कशाचे? दोन शक्यता आहेत. एक, मालक कराराच्या उरलेल्या सात महिन्यांचं भाडं धरतोय. ते ९१,००० होतात, त्यापुढे अनामत काहीच नाही, म्हणून ‘विसरा’. पण लॉकिन सहा महिन्यांचं असेल तर पुढच्या पाच महिन्यांचं मागता येत नाही. दोन, त्या पानावर नेहमीच्या कलमापेक्षा वेगळं काहीतरी आहे : ‘लॉकिनपूर्वी घर सोडल्यास संपूर्ण अनामत जप्त.’ असं वाक्य काही करारांत हातानं घातलेलं असतं. ते आहे की नाही, हे प्रश्नावरून कळत नाही. इथपर्यंत अंदाज चालला, इथून पुढे पानच पाहिजे.

आता पान. लोकांना वाटतं, कराराचं पान म्हणजे आपल्या फोनमधला फोटो, तो गेला की गेलं. नोंदलेला करार फोनमध्ये नसतो, तो नोंदणी व मुद्रांक विभागाकडे असतो. आजकाल बहुतेक घरांचे करार ऑनलाइन नोंदवले जातात. एजंट लॅपटॉप आणि अंगठा घ्यायचं यंत्र घेऊन घरी येतो, दोन साक्षीदार बसवतो, आणि काही दिवसांत नोंदलेल्या कराराची पीडीएफ पाठवतो. मुलाला पहिल्यांदा मेलमध्ये ती शोधायला सांगावी. फोटो बहुतेक वेळा त्याआधीच्या मसुद्याचा असतो, एजंटनं ‘एकदा बघून घ्या’ म्हणून पाठवलेल्या. मसुदा आणि नोंदलेला करार यांत फरक असू शकतो. लॉकिनच्या जागी मसुद्यात ६ आणि नोंदलेल्यात ३ असं होतं, उलटंही होतं. भांडण नोंदलेल्या कराराच्या शब्दांवर होतं, म्हणून फोटो पुन्हा मिळाला तरी तो मसुद्याचा नाही ना, हे बघून घ्यावं.

ओळखायची सोपी खूण म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या पानावर असणारी नोंद. कार्यालयाचं संक्षिप्त नाव, दस्त क्रमांक, पान क्रमांक आणि एकूण पानं, आणि वर्ष. बारा पानांच्या दस्ताचं सातवं पान असेल तर तिथे ७/१२ लिहिलेलं दिसतं आणि घरातले मोठे लोक दचकून विचारतात, हा कुठला उतारा? ही नोंद नसेल तर ते पान मसुद्याचं आहे असंच धरावं.

पीडीएफही हरवली असेल तर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर `e-Search` नावाची सोय आहे. दस्त क्रमांक, कार्यालय आणि वर्ष माहीत असेल तर दस्ताची सूची क्रमांक २ बघता येते, ज्याला सगळे ‘इंडेक्स टू’ म्हणतात. इथे लोक फसतात. इंडेक्स टूमध्ये दस्ताचा प्रकार, पक्षकारांची नावं, घराचं वर्णन, तारखा, मुद्रांक शुल्क असतं. कलमं नसतात. लॉकिन किती महिन्यांचं, नोटीस किती दिवसांची, यातलं काही त्यात सापडणार नाही. इंडेक्स टूचा उपयोग एवढाच, की करार खरंच नोंदला गेला आहे आणि त्याचा क्रमांक अमुक आहे हे पक्कं होतं. त्या क्रमांकावर ज्या दुय्यम निबंधक कार्यालयात नोंद झाली तिथून पूर्ण दस्ताची प्रमाणित नक्कल मागता येते.

सरकारी वाटेपेक्षा लवकर पोहोचवणाऱ्या वाटाही आहेत. भाडेकरू माणूस स्वतःच्या कराराच्या प्रती किती ठिकाणी देऊन बसलेला असतो, हे त्याच्या लक्षात नसतं. घरभाडे भत्त्यासाठी कंपनीच्या एचआरला दिलेली असते. गॅस कनेक्शनसाठी दिलेली असते. सोसायटीच्या सेक्रेटरीकडे असते. भाडेकरू पडताळणीसाठी पोलिसांकडे गेलेली असते. आणि मालकाकडे तर असतेच, मालकाला सरळ विचारायलाही हरकत नाही. ‘तुम्ही म्हणता ते कलम दाखवा’ एवढं म्हटलं की काही मालक आपणच पान शोधायला लागतात आणि वाचल्यावर आवाज खाली येतो.

नोंदच नसेल तर? काळेवाडीत हा प्रश्न कल्पनेतला नाही. चाळी, वन आरके खोल्या, मालक तळमजल्यावर आणि वर चार भाडेकरू, अशा ठिकाणी पाचशेच्या मुद्रांकावर नोटरी करून दिलेला ‘करार’ सर्रास चालतो. त्याची प्रत ना निबंधकाकडे ना एजंटकडे, आणि भाडेकरूच्या हातात खरोखरच फक्त फोटो असतो. इथे भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ बघण्यासारखं आहे. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी ते मालकावर टाकतं. त्यानं ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. मुलाच्या दृष्टीनं महत्त्वाचं पुढचं वाक्य. लेखी नोंदलेला करार नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते धरलं जाईल, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे नोटरीच्या कागदावर मालक लॉकिन सांगत असेल, तर ते ठरलं होतं हे दाखवण्याचं ओझं त्याच्यावर येतं. एजंटचे पैसे वाचवण्यासाठी नोंदणी टाळणाऱ्या मालकांना हे कलम कुणी वाचून दाखवत नाही.

आपल्या मुलाचा करार नोंदलेला निघाला आणि पीडीएफ मेलमध्येच सापडली असं धरू. आता पान वाचताना दोन जागी थांबायचं. पान इंग्रजीत असेल तर पहिली जागा नावांची आहे. मालक आणि राहणारा यांच्यासाठी वापरलेले दोन्ही शब्द ‘लायसेन्स’ नंच सुरू होतात : लायसेन्सॉर म्हणजे देणारा, लायसेन्सी म्हणजे घेणारा. फरक शेवटच्या दोन अक्षरांचा. घाईत वाचणारा ‘लायसेन्सॉर लॉकिनमध्ये घर सोडायला सांगणार नाही’ हे वाक्य स्वतःला लावून घेतो. मराठी दस्तात ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ असतं. तिथे घोळ कमी, पण कोण देणार आणि कोण घेणार हे पहिल्या पानावर बघून घ्यावं.

दुसरी जागा जास्त महागाची आहे. मुलगा म्हणाला, दोन महिन्यांचे पैसे फुकट द्यायचे त्यापेक्षा मी ३१ ऑगस्टपर्यंत राहतोच, भोसरी-मोशीच्या रस्त्यानं रोज चाकणला जाईन. पण नोटीस कधी द्यायची? लॉकिनमध्येच, ३१ जुलैला, की लॉकिन संपल्यावर? ‘लॉकिनच्या काळात घर सोडणार नाही’ असं लिहिलं असेल, तर मनाई घर सोडण्याला आहे, नोटीस देण्याला नाही. ३१ जुलैला नोटीस द्यावी आणि ३१ ऑगस्टला लॉकिन आणि नोटीस दोन्ही संपताच चावी द्यावी. पण ‘लॉकिन संपल्यानंतर एका महिन्याची नोटीस देऊन’ असं असेल, तर मालक म्हणू शकतो की नोटीस १ सप्टेंबरच्या आधी देताच येत नव्हती, आणि घर सुटलं ३० सप्टेंबरला. ‘काळात’ की ‘संपल्यानंतर’, एवढ्या शब्दावर १३,००० रुपये. प्रश्न विचारणाऱ्यानं हे शब्द लिहिले नव्हते आणि आपण ते अंदाजानं भरले असते तर पन्नास टक्के वेळा चुकलो असतो.

समजा पानावर लॉकिन सहा महिन्यांचंच निघालं, उरलेल्या लॉकिनचं भाडं देण्याचं वाक्य निघालं, आणि अनामत जप्त करण्याचं वाक्य निघालं नाही. म्हणजे मालकाची ४०,००० ची मागणी पानातून येत नाही, २६,००० ची येते. आणि जप्तीचं वाक्य निघालं असतं तरी गोष्ट संपत नव्हती. भारतीय करार कायदा, १८७२, याचं कलम ७४ सांगतं की करार मोडल्याबद्दल एखादी रक्कम लिहून ठेवली असेल, तर ती रक्कम ही वरची मर्यादा, आणि तिच्या आत जी वाजवी भरपाई असेल ती मिळते. सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये कैलास नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या खटल्यात हे फार स्पष्ट मांडलं. तिथे लिलावातल्या भूखंडाची ७८ लाखांची बयाणा रक्कम प्राधिकरणानं जप्त केली होती, पण तोच भूखंड नंतर कितीतरी जास्त किमतीला विकला गेला. नुकसानच झालं नाही तर भरपाई कसली, म्हणत न्यायालयानं बयाणा परत करायला लावला. नुकसान मोजणं अवघड असेल तिथे लिहिलेली रक्कम मान्य होऊ शकते, हेही त्याच निकालात आहे. घरभाड्यात मात्र नुकसान मोजणं अवघड नाही. घर किती दिवस रिकामं राहिलं, ते दिवस मोजायचे. आणि नुकसान कमी करायला माणसानं वाजवी प्रयत्न केले होते का, हे करार कायद्याच्या कलम ७३ नुसार बघितलं जातं.

म्हणून मुलानं एक साधी गोष्ट केली. ऑगस्टपर्यंत राहण्याचा विचार सोडून जूनअखेर घर सोडायचंच ठरवलं, पण १० जूनपासून स्वतःच पुढच्या भाडेकरूच्या शोधाला लागला. कंपनीत त्याच्याच लाइनवर काम करणाऱ्या एका मुलाला घर आवडलं, तो १ ऑगस्टपासून यायला तयार झाला. मालकाकडे गेल्यावर मांडणी अशी होती : पानाप्रमाणे माझ्याकडे २६,००० निघतात, पण घर फक्त जुलैभर रिकामं राहतंय. ऑगस्टचं भाडं तुम्हाला नवा माणूस देतोय, एकाच महिन्याचं दोघांकडून घेणार का? १३,००० कापा, २७,००० परत द्या.

मालकाला कायद्यानं हे मान्य करणं भाग होतं असं छातीठोक म्हणता येणार नाही. लॉकिनचं पूर्ण भाडं आधीच ठरलेली वाजवी रक्कम आहे, असा युक्तिवाद त्याचा वकील करू शकतो, आणि तो चालेलच नाही असंही नाही. पण १३,००० रुपयांसाठी पुण्याच्या लघुवाद न्यायालयात दोघंही जाणार नव्हते, हे दोघांनाही ठाऊक होतं. असल्या तंट्यात पानाचा खरा उपयोग बोलणी ४०,००० पासून सुरू होऊ न देता २६,००० पासून सुरू करायला होतो.

मालक पान वाचत बसला, मग म्हणाला, रंगाचे पाच हजार वेगळे. मुलानं फोनवर त्याच पीडीएफचं पुढचं पान उघडलं. तिथे घर ‘नेहमीच्या वापरानं होणारी झीज वगळून’ आहे त्या स्थितीत परत द्यायचं, असं लिहिलं होतं. चार महिन्यांत भिंतीला खिळासुद्धा ठोकला नव्हता. आत आल्या दिवशी काढलेले भिंतींचे फोटो मात्र त्यानं हटवले नव्हते.